गादीच्या टॅगचा फोटो वाचून फोम, डेन्सिटी आणि ब्रँड ओळखणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत फोम कापून गाद्या करून देण्याचं आमचं काम आहे. मिरज, इस्लामपूर, विटा, कधी साताऱ्याहूनही व्हॉट्सअ‍ॅपवर टॅगचे फोटो येतात आणि खाली एकच ओळ असते: "अगदी अशीच गादी पाहिजे." फोटोतून पुष्कळ काही कळतं. पण टॅगवर जे छापलेलंच नाही ते गादीकडूनच काढून घ्यावं लागतं. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

टॅग नेमका कुठे शोधायचा?

कंपनीच्या गादीला बहुतेक वेळा दोन ठिकाणी खुणा असतात. बाजूच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव शिवलेलं असतं. लोक त्याचाच फोटो पाठवतात, पण त्यात कामाचं काही नसतं. खरा टॅग लहान असतो. पायथ्याकडच्या पायपिंगच्या शिलाईत अडकवलेली पांढरी सॅटिनची पट्टी, किंवा गादीच्या खालच्या बाजूला चिकटवलेला कागदी स्टिकर. खोळीला झिप असेल तर झिपच्या आतल्या कडेला पाहा. काही कंपन्या तिथेच पट्टी शिवतात आणि उजेड न लागल्यामुळे तिथली अक्षरं वर्षानुवर्षं टिकतात.

गादी उलटी करून चारही बाजू तपासल्याशिवाय "टॅग नाही" असं ठरवू नका.

फोटो कसा काढायचा म्हणजे वाचता येईल?

सॅटिन चमकतं, त्यामुळे समोरून फ्लॅश मारला की अक्षरं पांढरी होतात. फ्लॅश बंद ठेवा आणि दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च बाजूने, जवळजवळ कापडाला टेकवून धरा. शाई उडाली असली तरी छपाईचा दाब कापडावर राहिलेला असतो आणि बाजूच्या उजेडात तो सावलीसारखा उठून दिसतो. पट्टी दोन बोटांनी ताणून सपाट करा. दुमडलेल्या कडेतच आकडा लपलेला असतो, हे फार वेळा पाहिलं आहे.

एक फोटो पूर्ण टॅगचा, एक फक्त आकड्यांचा जवळून, आणि टॅगची मागची बाजू. मागची बाजू कुणीच पाठवत नाही, आणि बॅच नंबर नेमका तिथेच असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साध्या फोटोची प्रत घसरते आणि ३ चा ८ दिसायला लागतो.

टॅगवर काय काय असतं?

पाकीटबंद मालाच्या कायद्यानुसार, म्हणजे लीगल मेट्रॉलॉजीच्या २०११ च्या नियमांनुसार, उत्पादकाचं नाव-पत्ता, बनवल्याचा महिना आणि वर्ष, कमाल किरकोळ किंमत, माप आणि तक्रारीसाठी संपर्क एवढं पॅकिंगवर द्यावं लागतं. त्यामुळे ही माहिती बऱ्याचदा टॅगवरही येते. पण फोमची डेन्सिटी छापलीच पाहिजे अशी सक्ती त्या नियमांत नाही. म्हणून एखाद्या चांगल्या कंपनीच्या टॅगवरही डेन्सिटी नसते. नसली म्हणजे माल खोटा, असा अर्थ होत नाही.

माप इंचात असतं किंवा सेंटिमीटरमध्ये. १८३ × ९१ × १३ असं दिसलं तर ती आपली ७२ × ३६ × ५ ची सिंगल गादी. शेवटचा आकडा जाडीचा.

"ऑर्थो" लिहिलंय. मग फोम कोणता?

"ऑर्थो" हा फोमचा प्रकार नाही. "बॅक केअर", "स्पाइन सपोर्ट", "ड्युअल कम्फर्ट" ही सगळी मॉडेलची नावं. एका कंपनीच्या ऑर्थोमध्ये रिबॉन्डेड असतो, दुसरीच्यात एचआर, तिसरीच्यात काथ्या. म्हणून मॉडेलचं नाव वाचून झालं की त्याखालची बारीक ओळ शोधा, जिथे "कोअर", "लेयर" किंवा "मटेरियल" असं लिहिलेलं असतं. फोमचं नाव त्या ओळीत सापडतं, आणि बाजारात जे शब्द भेटतात ते थोडक्यात असे.

पीयू किंवा पीयूएफ म्हणजे साधा पॉलियुरेथेन फोम. एसएस म्हणजे सुपर सॉफ्ट, बहुतेक वेळा वरच्या क्विल्टिंगमध्ये वापरतात. एचआर म्हणजे हाय रेझिलियन्स. दाब काढल्यावर तो पटकन आणि जोरात वर येतो. रिबॉन्डेड किंवा बॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे डिंकाने दाबून केलेली जड, घट्ट लादी. कारखान्यात त्याला 'चुरा फोम' म्हणतात, पण नावावर जाऊन त्याला हलकं समजू नका. कडक गादीचा खालचा थर म्हणून तो उत्तम चालतो. मेमरी किंवा विस्को फोम हळूहळू दबतो आणि हळूहळूच वर येतो. लॅटेक्स म्हणजे रबर. त्यात टाचणीसारख्या भोकांची ओळीने जाळी दिसते. ईपीई ही पांढरी, हलकी, थर्माकोलसारखी दिसणारी शीट. स्वस्त गादीत मधल्या थराला घालतात. टॅगवर ही तीन अक्षरं दिसली तर ती गादी पूर्ण पीयू फोमची नाही हे लक्षात घ्या.

टॅगवर ४० लिहिलंय. म्हणजे ४० डेन्सिटीची गादी का?

सगळ्यात जास्त घोळ याच प्रश्नात होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. ४० डेन्सिटी म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच ठोकळा ४० किलो भरणार. आकड्यापुढे "डी", "डेन्सिटी" किंवा "किलो प्रति घनमीटर" अशी खूण असेल तरच तो डेन्सिटीचा. "जीएसएम" असेल तर ते कापडाचं किंवा क्विल्टिंगच्या कापसाचं वजन, फोमशी त्याचा संबंध नाही. "एमएम" असेल तर थराची जाडी. आणि काही मॉडेलच्या नावातच आकडा असतो.

तो आकडा डेन्सिटीचाच आहे हे नक्की झालं तरी तो कोणत्या थराचा, हा प्रश्न उरतोच. टॅगवर छापताना बहुतेक वेळा चांगल्या थराचा आकडा ठळक येतो. पाच इंची गादीत वरचा एकच इंच ४० चा एचआर असतो आणि खालचे चार इंच दुसरंच काही. टॅग खोटं बोललेला नसतो, आपण एका थराचा आकडा पूर्ण गादीला लावलेला असतो. थरांची ओळ वाचून प्रत्येक थराला त्याची जाडी आणि त्याचा आकडा जोडा. जोडी जुळत नसेल, म्हणजे थर दोन आणि आकडा एकच असेल, तर दुसरा आकडा आपल्याला काढायचा आहे.

छापलेलाच नसेल तो आकडा काढायचा कसा?

वजनावरून. गादी म्हणजे लांबी, रुंदी, जाडी आणि वजन. यातल्या तीन गोष्टी टॅग देतो, चौथी घरातला काटा देतो. माप इंचात धरून हिशोब असा:

```
लांबी × रुंदी × जाडी ÷ ६१,००० = घनमीटर
घनमीटर × डेन्सिटी = किलो
```

(एका घनमीटरमध्ये साधारण ६१,००० घनइंच बसतात, म्हणून तो आकडा.)

एक खरीखुरी केस घेऊ. इस्लामपूरच्या एका ताईंनी नणंदेच्या घरच्या गादीच्या टॅगचा फोटो पाठवला होता. सासऱ्यांना ती गादी मानवली, म्हणून तशीच हवी होती. टॅगवर माप ७२ × ३६ × ५, त्याखाली "एचआर ४०डी २५ एमएम" आणि पुढच्या ओळीत "रिबॉन्डेड कोअर" एवढंच. ताईंचा निरोप: "४० डेन्सिटीची पाच इंची गादी करून द्या, किती होतील?"

मागितल्याप्रमाणे पूर्ण पाच इंच ४० चा फोम दिला असता तर काय झालं असतं ते आधी पाहा. ७२ गुणिले ३६ गुणिले ५ म्हणजे १२,९६० घनइंच. भागिले ६१,०००, आलं ०.२१ घनमीटर. गुणिले ४०, म्हणजे साडेआठ किलो. मी ताईंना म्हटलं, "नणंदबाईंना गादी काट्यावर घालायला सांगा." बाथरूमच्या वजनकाट्यावर भाऊजी एकदा नुसते उभे राहिले, एकदा गादी उभी धरून. फरक आला १८ किलो.

साडेआठ आणि अठरा यांचा मेळच बसत नाही. आता १८ मधून खोळ आणि क्विल्टिंगचे दीड किलो वजा करा, उरले साडेसोळा. वरचा एक इंच एचआर: २,५९२ घनइंच भागिले ६१,००० गुणिले ४०, म्हणजे १.७ किलो. तेही वजा केले, उरले १४.८ किलो, आणि ते सगळे खालच्या चार इंचांचे. चार इंचांचे घनमीटर ०.१७. चौदा पूर्णांक आठ भागिले ०.१७ केलं की ८७ येतात.

म्हणजे खालचा थर ९० च्या आसपासच्या रिबॉन्डेडचा. सासऱ्यांना जो कडकपणा आवडला तो त्या चार इंचांचा होता, ठळक छापलेल्या ४० चा नव्हता. शेवटी चार इंच रिबॉन्डेड ९० आणि वर एक इंच एचआर ४० अशी गादी बसवली.

हा हिशोब कितपत बरोबर येतो?

अगदी काटेकोर येत नाही, आणि तशी गरजही नसते. खोळीचं वजन अर्ध्या किलोने चुकलं तर वरच्या उदाहरणात आकडा तीनाने हलतो. जाडी पाव इंच चुकली तर पाच-सहाने. म्हणून ८७ आला की मी ८० ते ९५ असं वाचतो. पण ४० आणि ९० मधला फरक यात कधीच लपत नाही, आणि दुकानात फसगत होते ती असल्याच फरकात.

तीन गोष्टी मात्र सांभाळा. जुनी गादी मध्ये बसलेली असते, तिची जाडी मधोमध मोजली तर डेन्सिटी उगाच जास्त येईल. टॅगवरची जाडी धरा, नाहीतर कोपऱ्यावर मोजा, जिथे कुणी झोपत नाही. दुसरं, छापलेल्या पाच इंचांत क्विल्टिंगची जाडी धरलेली असू शकते. झिप उघडून आतल्या फोमची उंची पट्टीने मोजता आली तर उत्तम. तिसरं, ओलसर गादीचं वजन घेऊ नका. पावसाळ्यात गळक्या भिंतीला टेकलेली किंवा पुराचं पाणी लागलेली गादी वरून सुकली तरी आत पाणी धरून असते. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या घरांतून अशा गाद्यांचे टॅग आले होते. तिथे वजनावर विसंबू नये, फक्त टॅगवरच्या मापावर आणि मॉडेलवर जावं.

वजन बरोबर आलं म्हणजे फोम चांगला, असं धरायचं का?

नाही. फोम ओतताना त्यात खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट घातली की वजन वाढतं आणि डेन्सिटी चढते. ताकद मात्र वाढत नाही. उलट असा फोम लवकर बसतो आणि चिमटीने ओढला तर सहज तुटतो. म्हणून नवीन गादी घेताना वजनाबरोबर फोमचा तुकडा मागा. कोपरा चिमटीत धरून ओढा. चांगला फोम आधी ताणला जातो, मग फाटतो. पावासारखा लगेच तुटला तर तो आकडा विसरून जा.

एचआर म्हणून दिलेला फोम एचआर आहे का, हे पाहायला उघड्या फोमवर एक लोखंडी बेअरिंगची गोळी ठराविक उंचीवरून सोडा. प्रयोगशाळेतही हीच चाचणी करतात. एचआर असेल तर गोळी अर्ध्याहून बरीच वर उसळते, साधा पीयू अर्ध्यापर्यंतही नीट पोचवत नाही, आणि मेमरी फोमवर ती जवळजवळ तिथेच थांबते. खोळीवरून ही चाचणी होत नाही, कापड उसळी खाऊन टाकतं.

काही जण तुकडा जाळून दाखवतात. तसं कृपा करून करू नका आणि कुणाला करूही देऊ नका. पॉलियुरेथेनचा धूर विषारी असतो, आणि आग फार लवकर पसरते.

डेन्सिटी जास्त असली की गादी कडक असते का?

हा गैरसमज इतका पक्का बसला आहे की दुकानदारही "चाळीसची कडक, बत्तीसची मऊ" असं सांगून मोकळे होतात. डेन्सिटी सांगते की तेवढ्या जागेत माल किती आहे, आणि त्यावरून साधारण टिकाऊपणा कळतो. कडकपणा वेगळा मोजला जातो. रसायनाचं प्रमाण बदलून ४० चाच फोम मऊही करता येतो आणि कडकही. ५० चा मेमरी फोम तर ३२ च्या कडक पीयूपेक्षा कितीतरी मऊ लागतो.

टॅगवर "मीडियम", "फर्म" असं लिहिलेलं असतं, पण हे शब्द प्रत्येक कंपनी आपल्या मापाने वापरते. दोन ब्रँडचे "फर्म" सारखे निघतील याची खात्री नाही. म्हणून अगदी तशीच गादी हवी असेल तर जुन्या गादीवर एक साधं माप घ्या. साधारण आठ इंच व्यासाची सपाट ताटली किंवा प्लायवुडची गोल चकती मध्येच नको, कडेपासून फूटभर आत, न बसलेल्या जागी ठेवा. तिच्यावर पाण्याचा भरलेला २० लिटरचा जार ठेवा, एकाने धरून. अर्धा मिनिट थांबून चकती किती मिलिमीटर खाली गेली ते पट्टीने पाहा. दुकानातल्या गादीवर त्याच चकतीने आणि तेवढ्याच वजनाने तेच करा. पाच मिलिमीटरच्या आत फरक असेल तर पाठीला फारसा कळत नाही. दुकानदार जार ठेवू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

मेमरी फोम असेल तर ही तुलना एकाच ऋतूत करा. तो थंडीत कडक होतो. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या डिसेंबरमधल्या खोलीतली गादी आणि सांगलीतल्या एप्रिलमधली गादी एकाच लादीची असली तरी हाताला वेगळी लागेल.

टॅगवर दोन कंपन्यांची नावं आहेत. ब्रँड कोणता धरायचा?

"निर्मिती" पुढचं नाव गादी बनवणाऱ्याचं, "विपणन" पुढचं ती विकणाऱ्याचं. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कित्येक गाद्या दुसऱ्याच्या कारखान्यात बनतात. तशीच गादी शोधताना दोन्ही नावं टिपून ठेवा.

ब्रँडची मालकीही बदलते. स्लीपवेल हा शीला फोमचा ब्रँड. काथ्याच्या गाद्यांसाठी घरोघरी माहीत असलेली कर्लऑन २०२३ मध्ये त्याच शीला फोमने घेतली. त्यामुळे जुन्या आणि नव्या टॅगवर कंपनीचं नाव वेगळं दिसलं म्हणून लगेच नकली म्हणू नका. आधी बनवल्याचं वर्ष पाहा.

आपल्याकडे आणखी एक प्रकार चालतो. गावातला गादीवाला नावाजलेल्या कंपनीची फोमची लादी आणतो, खोळ स्वतः शिवतो आणि लादीवरचा स्टिकर खोळीवर लावतो. फोम खरंच त्या कंपनीचा असू शकतो, पण गादी त्या कंपनीची नसते, आणि तिची वॉरंटीही लागू होत नाही. अशा टॅगवर मॉडेल, बॅच आणि किंमत यांपैकी काहीच नसतं, फक्त मोठं नाव आणि बोधचिन्ह असतं. ब्रँडच्या नावातलं एखादं अक्षर बदललेलं असेल तर ते फोटो मोठा केल्याशिवाय कळत नाही, म्हणून नाव अक्षर अक्षर वाचा.

आयएसआय किंवा "सर्टिपूर" असा शिक्का दिसतोय, त्याचा अर्थ काय?

आयएसआय शिक्क्याच्या वर आयएस क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. आयएस ७९३३ हा घरगुती गाद्यांच्या पॉलियुरेथेन फोमसाठी, आयएस ८३९१ हा रबर लावलेल्या काथ्याच्या शीटसाठी. म्हणजे नुसत्या आयएस क्रमांकावरूनही आत फोम आहे की काथ्या, याचा अंदाज येतो. परवाना क्रमांक मोबाईलवरच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाका. कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते दिसतं. ते नाव टॅगवरच्या उत्पादकाशी जुळलं पाहिजे.

सर्टिपूर हे फोममध्ये ठराविक घातक रसायनं नाहीत याबद्दलचं प्रमाणपत्र आहे. डेन्सिटी किंवा गादी किती वर्षं टिकेल याबद्दल ते काही सांगत नाही. ओको-टेक्सचंही तसंच, आणि ते कित्येकदा फक्त खोळीच्या कापडाचं असतं.

मुलगा अमेरिकेत आहे, तिथल्या गादीच्या टॅगचा फोटो पाठवलाय. तशी इथे मिळेल का?

तिथे कायद्याने लावलेला मोठा पांढरा टॅग असतो आणि त्यावर आतल्या मालाची टक्केवारी लिहिलेली असते. उदाहरणार्थ, पॉलियुरेथेन फोम ६५ टक्के, विस्को फोम ३५ टक्के. हे टक्के वजनाचे असतात, जाडीचे नाहीत. मेमरी फोम जड असतो, त्यामुळे ३५ टक्के वजनाचा थर जाडीला त्याहून कमीच भरतो. डेन्सिटी त्या टॅगवर नसते. ती कंपनीच्या माहितीपत्रकात पौंड प्रति घनफुटात मिळते. त्या आकड्याला १६ ने गुणलं की आपली डेन्सिटी आली: अडीच पौंड म्हणजे ४०, चार पौंड म्हणजे ६४. एवढं हातात असलं की इथला कोणताही फोम कापणारा तसे थर लावून देऊ शकतो. माप तेवढं आपल्या पलंगाचं घ्या, कारण तिकडची मापं वेगळी असतात.

टॅग फाटून गेलाय. आता?

झिप उघडा. झिप नसेल तर खालच्या बाजूची शिलाई चार बोटं उसवा, नंतर घालता येते. रंगीबेरंगी ठिपक्यांची घट्ट लादी असेल तर रिबॉन्डेड. तपकिरी धाग्यांची असेल तर काथ्या. भोकांची जाळी आणि रबराचा वास असेल तर लॅटेक्स. तळहात दाबून उचलल्यावर पंजाचा ठसा काही सेकंद राहिला तर मेमरी. एकसारखा गुळगुळीत आणि लगेच वर येणारा असेल तर पीयू किंवा एचआर, आणि त्या दोघांतला फरक गोळीच्या उसळीने कळेल.

रंगावर मात्र जाऊ नका. "गुलाबी म्हणजे ४०, पिवळा म्हणजे ३२" असं सांगणारे भेटतील. रंग कंपनी आपल्या सोयीने घालते, त्याचा काही नियम नाही. पांढरा फोम उजेडाने पिवळाही पडतो.

थर ओळखता आले की प्रत्येकाची उंची पट्टीने मोजा, पट्टी लावूनच फोटो काढा आणि वजनाचा हिशोब वरच्यासारखा करा.

दुकानात गेल्यावर काय सांगू आणि बिलावर काय लिहून घेऊ?

"अशीच द्या" म्हणून फोटो पुढे करू नका. थर सांगा. ताईंच्या गादीसाठी ते वाक्य असं झालं असतं: "७२ बाय ३६, खाली चार इंच रिबॉन्डेड ९०, वर एक इंच एचआर ४०, खोळ झिपची." हे ऐकल्यावर दुकानदार दुसरं काही सुचवेल, आणि त्याचं सुचवणं बरोबरही असू शकतं. वजनदार माणसासाठी वरचा थर दीड इंच करा असं तो म्हणाला तर ऐका. पण "चाळीसची आहे हो, सेमच" एवढ्यावर पैसे देऊ नका.

गादी करून घेत असाल तर खोळ चढवायच्या आधी फोम बघायला या, असं सांगून ठेवा. आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही स्वतःच बोलावतो, कारण एकदा शिवल्यावर दाखवायला काही उरत नाही. फोम तिथेच काट्यावर घाला. चार इंच रिबॉन्डेड ९० ची सिंगल लादी पंधरा किलोच्या आसपास भरली पाहिजे, बारा भरली तर ती सत्तरची आहे.

बिलावर फक्त "गादी १ नग" लिहू देऊ नका. प्रत्येक थराचं नाव, जाडी, डेन्सिटी, पूर्ण गादीचं वजन आणि तारीख लिहून घ्या. कंपनीची गादी असेल तर टॅगवरचा बॅच नंबरही बिलावर घाला, कारण वॉरंटी मागताना टॅग पुसलेला निघाला तर हातात दाखवायला तोच उरतो.